लाल दिसतं ते सगळं कौल नव्हे

अलिबागहून मुरुडकडे जाताना रस्त्यावरून एखाद्या वाडीचा फोटो काढला, तर माडांच्या मधून लालसर छपरं डोकावताना दिसतात. फोटो पाहणारा सहज म्हणून जातो, ‘वा, कौलारू घरं!’ नीट पाहिलं तर त्यातलं एखादंच छप्पर खरं मातीच्या कौलांचं निघतं. दुसऱ्यावर कौलाच्या आकारात दाबलेला रंगीत पत्रा असतो, तिसऱ्यावर लाल ऑइलपेंट फासलेला सिमेंटचा पत्रा, आणि चौथ्यावर साधा जस्ताचा पत्रा, जो खाऱ्या वाऱ्याने गंजून आपोआप लाल झालेला आहे.

पूर्वी हा फरक ओळखायला माणूस शिडी लावून वर चढत असे. आता घरमालक फॅब्रिकेटरला मोबाइलवर फोटो पाठवतो आणि ‘किती खर्च येईल?’ असं विचारतो. वादळानंतरच्या पंचनाम्यालाही फोटो जोडले जातात. जुनं घर विकत घेणारा पुण्यात बसून आधी फोटोच पाहतो. या सगळ्यांना छप्पर कशाचं आहे ते फोटोवरूनच ठरवायचं असतं, आणि बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. तिथेच गफलत होते. छपरावर सगळ्यात लवकर बदलतो तो रंगच. पत्रा गंजतो, सिमेंट शेवाळाने काळं पडतं, प्लास्टिक पिवळं होतं, आणि वर कुणी रंग मारला तर विचारायलाच नको. आकार मात्र बदलत नाही. लाट केवढी आहे, जोड कुठे आहे, कड किती जाड आहे, या तीन गोष्टी कारखान्यात जशा ठरतात तशाच शेवटपर्यंत राहतात.

पत्र्याला लाटा असतात त्या शोभेसाठी नव्हेत. सपाट पातळ पत्रा दोन आधारांवर ठेवला तर मधे लवतो. त्यालाच नागमोडी वळण दिलं की तो ताठ होतो. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरने 1829 मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. त्यावर जस्ताचा थर देण्याची रीत 1837 मध्ये फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल याने पेटंट केली, आणि या दोन्हींच्या संगमातून आपला ‘जीआय पत्रा’ जन्माला आला. लोखंडाचा पत्रा मुळात चिवट असल्यामुळे त्याला लहान लाट पुरते. आपल्याकडच्या नेहमीच्या पन्हाळी जीआय पत्र्यात एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण 75 मिलिमीटर असतं, म्हणजे जेमतेम तीन इंच, आणि लाटेची खोली पाऊण इंचाच्या आतच.

सिमेंटच्या पत्र्याचं तसं नाही. तो ताणाला कच्चा आणि ठिसूळ. त्यामुळे त्याला ताठपणा हवा तर लाट मोठी आणि खोल घ्यावी लागते. नेहमीच्या पन्हाळी सिमेंट पत्र्यात हेच अंतर 146 मिलिमीटर आणि खोली 48 मिलिमीटर असते. थोडक्यात, जीआयच्या दोन लाटा बसतात तिथे सिमेंटची एकच बसते. फोटो ओळखणाऱ्याच्या हाती याहून भरवशाचं दुसरं साधन नाही, कारण यासाठी रंग पाहावा लागत नाही, चकाकी पाहावी लागत नाही, फक्त मोजावं लागतं.

मोजायला फूटपट्टीही लागत नाही. फोटोत छपराच्या कडेखाली माहितीतल्या मापाची एखादी वस्तू सापडली की झालं. दरवाजा सगळ्यात सोयीचा. तीन फुटी दरवाजाच्या वर पत्र्याच्या कडेला सहा लाटा मोजल्या गेल्या तर तो सिमेंटचा. बारा मोजल्या गेल्या तर जीआय. यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. दरवाजा आणि पत्र्याची कड साधारण एकाच अंतरावर हवी. पडवी सहा फूट पुढे आलेली असेल आणि दरवाजा मागच्या भिंतीत असेल, तर फोटोत दरवाजा लहान दिसतो आणि त्याच्या रुंदीत लाटा कमी भरतात. अशा वेळी पडवीचा खांब, ओट्यावरची खुर्ची किंवा कडेला टेकवलेली सायकल धरून मोजणं बरं.

लाट मोजून झाली की कड पाहायची. सिमेंटचा पत्रा 6 मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वळचणीला खालून काढलेल्या फोटोत त्याची कड ठसठशीत रेघेसारखी उठून दिसते. लोखंडी पत्रा बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याची कड दिसतच नाही, दिसते ती फक्त लाटेची वळणदार सावली. तिसरी खूण जोडाची. चार सिमेंट पत्रे जिथे एकत्र येतात तिथे चार थर एकावर एक आले तर पत्रा उचलला जातो आणि बोल्ट आवळताना तडकतो. म्हणून कसबी मिस्त्री मधल्या दोन पत्र्यांचे कोपरे तिरके कापतो. जवळून काढलेल्या फोटोत जोडापाशी असा तिरका काप दिसला तर तो पत्रा सिमेंटचा, यात शंका उरत नाही. लोखंडी पत्र्याला हे कापणं लागतच नाही.

मोडण्याची पद्धतही वेगळी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतरचे कुठलेही फोटो पाहावेत. लोखंडी पत्रे वाकलेले, पिळवटलेले, झाडांवर अडकलेले दिसतात. सिमेंटचे पत्रे वाकत नाहीत. त्यांचे धारदार कडांचे तुकडे जमिनीवर पसरतात, आणि छपरावर बोल्टाभोवती एखादा तुकडा तसाच अडकून राहतो. कौलं उडाली की रीपांचा सांगाडा उघडा पडतो. छप्पर गेल्यानंतरही ते कशाचं होतं ते अंगणातल्या ढिगाऱ्यावरून सांगता येतं.

आता त्या कौलारू भासाकडे वळू. यंत्रावर दाबून केलेलं, एकमेकांत खाचेने अडकणारं सपाटसर कौल आपल्याकडे रूढ झालं ते मंगळुरूमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने कौलांचा कारखाना उभा केला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर हे कौल सगळीकडे पोचलं. त्याआधीची गावठी अर्धगोल नळ्यांची कौलं आजही जुन्या घरांवर दिसतात. ती ओळखायला अवघड नाहीत, कारण तशी नक्कल पत्र्यात सहसा कुणी करत नाही. नक्कल होते ती मंगळुरी कौलाची.

ही नक्कल दुरून फसवते खरी, पण फोटो जरा मोठा करून पाहिला की उघडी पडते. पहिली गोष्ट म्हणजे नक्कल फार शिस्तीची असते. कौलाच्या आकाराचा पत्रा एका साच्यातून दाबून निघतो, त्यामुळे प्रत्येक ‘कौल’ शेजारच्यासारखंच, आणि आडव्या पायऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत. खऱ्या कौलांच्या छपरावर इतकी शिस्त कधीच नसते. वासे थोडे लवलेले असतात, रीप एखाद्या ठिकाणी बसलेली असते, त्यामुळे पाखाची रेघ हलकी वरखाली होते. एखादं कौल सरकलेलं असतं. पावसाळ्याआधी फुटकी कौलं काढून नवी घातलेली असतात, म्हणून जुन्या काळपट कौलांत मधेच तीन-चार ताजी लाल कौलं चमकतात. मधे एखादं काचेचं कौल असतं, माजघरात उजेड पडावा म्हणून. हे काचेचं कौल फोटोत सापडलं तर आणखी काही पाहायची गरज नाही.

दुसरी गोष्ट आढ्यावर नजर टाकण्याची. खऱ्या कौलारू छपराच्या आढ्यावर फूट-सव्वा फुटाची वेगळी कौलं एकापुढे एक बसवलेली असतात आणि त्यांच्या खाली चुना-सिमेंटचा गिलावा भरलेला असतो. फोटोत ती तुकड्यातुकड्यांची, खाली पांढुरकी किनार असलेली रेघ दिसते. पत्र्याच्या छपरावर आढ्याची पट्टी सलग, सात-आठ फुटांपर्यंत बिनजोड असते. तिसरी खूण स्क्रूंची. कौलाला छपरावरून दिसणारा स्क्रू नसतो. पत्र्यावर मात्र आडव्या रांगेत सारख्या अंतरावर ठिपके दिसतात, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर त्यातल्या काहींखाली गंजाचे ओघळ उतरतात. उन्हाचा फोटो असेल तर चकाकीही बोलते. पत्र्यावर ऊन पडलं की एकच लांब लकाकणारा पट्टा उमटतो. माती उन्हाने लकाकत नाही.

आणि उताराचं विसरू नये. कौलं नुसती एकमेकांवर टेकलेली असतात, मधली फट बंद नसते. कोकणच्या पावसात पाणी आत शिरू नये म्हणून त्यांना चांगला उतार लागतो. डोळ्यांना जेमतेम तिरकं वाटणारं, जवळजवळ सपाट छप्पर कितीही लाल आणि कितीही कौलाच्या नक्षीचं दिसलं, तरी ते कौलाचं नसतं. पत्रा मात्र कमी उतारावरही चालून जातो.

रंगीत पत्र्याची दुसरी जात ओळखणं सोपं आहे: गोल लाटेऐवजी चौकोनी, वर सपाट असलेले उंचवटे आणि त्यांच्यामधे रुंद सपाट पट्टे. बाजारात याला कलर पत्रा किंवा प्रोफाइल पत्रा म्हणतात. त्याच्या खालचा थर बहुतेकदा निव्वळ जस्ताचा नसून निम्म्याहून जास्त अॅल्युमिनियम असलेल्या मिश्रणाचा असतो. फोटोवरून हा थर ओळखता येत नाही, पण त्याची फारशी गरजही पडत नाही.

पॉलिकार्बोनेटचं पत्रं ओळखताना प्रश्न वेगळा येतो. ते उजेड आत सोडतं एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण फोटोत ते पारदर्शक दिसेलच असं नाही. वरून काढलेल्या फोटोत ते निळसर, हिरवट किंवा दुधी दिसतं. अशा वेळी त्यातून खालच्या पाइपांची सावली दिसते का, ते पाहावं. छपरावर ठरावीक अंतराने आडवे गडद पट्टे दिसले, आणि ते रंगाचे नसून आतल्या पर्लिनचे आहेत असं लक्षात आलं, की पत्रा उजेड सोडणारा आहे हे नक्की झालं. पण एवढ्यावरून तो पॉलिकार्बोनेटचाच असं म्हणता येत नाही. काचतंतूंचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘फायबर पत्रा’ म्हणतात तोही उजेड सोडतो. काही वर्षांत फायबरच्या पत्र्याची वरची कातडी झिजते आणि आतले बारीक तंतू उघडे पडतात. जवळच्या फोटोत पृष्ठभाग केसाळ, तपकिरी-पिवळा दिसतो. पॉलिकार्बोनेट पिवळं पडलं तरी गुळगुळीत राहतं.

बंगल्याच्या गच्चीवर किंवा गाडी लावायच्या शेडवर बसवतात ते पोकळ पॉलिकार्बोनेट याहून सोपं. त्याच्या दोन थरांमधे बारीक उभ्या भिंती असतात, त्यामुळे जवळून पाहिल्यावर पत्र्यात उताराच्या दिशेने जाणाऱ्या समांतर रेघा दिसतात. टोकं नीट चिकटपट्टीने बंद केलेली नसली की त्या पोकळ नळ्यांत ओल आणि धूळ शिरते आणि आत शेवाळ धरतं. मग छपरावर हिरव्या रंगाच्या सरळ, समांतर रेघा उमटतात. बाहेरून धुतलं तरी त्या जात नाहीत, कारण त्या पत्र्याच्या आत असतात. अशा रेघा दुसऱ्या कुठल्याच छपरावर दिसत नाहीत.

त्याच्या जोडांवर अॅल्युमिनियमच्या लांब पट्ट्या आणि स्क्रूखाली मोठाल्या गोल चकत्या असतात, त्यांनाही कारण आहे. पॉलिकार्बोनेट उन्हाने लोखंडापेक्षा पाचपट तरी जास्त पसरतं. तीन मीटरचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला तर जवळजवळ आठ मिलिमीटर वाढतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवावं लागतं आणि वरून ते झाकायला मोठी चकती लागते. भोक नेमकं स्क्रूएवढं पाडलेलं असेल तर स्क्रूपासून निघालेल्या बारीक भेगा फोटोत दिसतात.

इथवरच्या खुणा जवळच्या फोटोच्या. फोटो वरून आणि लांबून काढलेला असला की मात्र लाट मोजणाऱ्याला एक सापळा भेटतो. डिजिटल फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, आणि एक लाट दिसायला तिच्या वाट्याला किमान दोन ठिपके तरी यावे लागतात: एक उजळ बाजूला, एक सावलीला. ड्रोनच्या फोटोत एक ठिपका 5 सेंटिमीटर जमीन दाखवत असेल, तर सिमेंटच्या एका लाटेला जवळजवळ तीन ठिपके मिळतात आणि ती कशीबशी दिसते. जीआयच्या लाटेच्या वाट्याला दीडच ठिपका येतो. तो पत्रा मग सपाट दिसावा अशी अपेक्षा असते, पण होतं भलतंच: लाटा आणि ठिपके यांचा मेळ न बसल्याने रुंद, खोटे पट्टे उमटतात, जे प्रत्यक्षात छपरावर नसतातच. बारीक लाटांचा जीआय पत्रा अशा फोटोत मोठ्या लाटांचा, म्हणजे सिमेंटचा वाटतो. हे पट्टे खोटे आहेत हे ओळखायची एक रीत आहे: त्याच छपराचा थोडा खालून किंवा वरून काढलेला दुसरा फोटो पाहायचा. खऱ्या लाटांची संख्या बदलत नाही, खोट्या पट्ट्यांची बदलते. उपग्रहाच्या फोटोत तर एक ठिपकाच बहुधा फूट-दीड फुटाचा असतो. तिथे लाट मोजायचा विचारच करू नये.

उन्हाची वेळही महत्त्वाची. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना लाटेच्या दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि छप्पर सपाट दिसतं. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन लाटांना आडवं येत असताना काढलेला फोटो पन्नास पानी अहवालापेक्षा जास्त सांगतो.

हे सगळं एका फोटोवर लावून पाहू. श्रीवर्धनच्या बाजूला सहज भेटेल असं एक घर नमुन्यादाखल धरू. मालकाने अंगणात उभं राहून संध्याकाळी एक फोटो काढला आहे, आणि ‘सगळंच कौलारू आहे, बदलून कलर पत्रा टाकायचा’ असं लिहून तो फॅब्रिकेटरला पाठवला आहे. फोटोत मधलं मोठं घर, पुढे पडवी, उजवीकडे गोठा, आणि डावीकडे मोटरसायकलीसाठी नंतर काढलेली शेड. रंगाने घर, पडवी आणि गोठा तिन्ही लालसर.

मधल्या घराचा उतार मोठा आहे, पाखाची रेघ मधे किंचित बसलेली आहे, आढ्यावर तुकड्यांची रांग आणि खाली गिलाव्याची किनार आहे, आणि डाव्या पाखावर दोन ओळींत ताजी लाल कौलं आहेत. हे खरं कौलारू. एक मीटर बाय एक मीटरला मंगळुरी कौलं साधारण पंधरा लागतात, तेव्हा फोटोतल्या ओळी मोजून एकूण किती कौलं उतरवावी लागतील याचा अंदाजही बांधता येतो.

पडवीवर लाल रंग आहे पण ओळी नाहीत, लाटा आहेत. पडवीच्या कडेला, दोन खांबांच्या मधे, दोन फुटी खुर्ची टेकवून ठेवलेली आहे, आणि तिच्या बरोबर वर चार लाटा मोजल्या जातात. जीआय असता तर आठ भरल्या असत्या. कडेची रेघ जाड आहे, आणि एका बोल्टापाशी रंग उडून राखाडी सिमेंट डोकावतंय. पत्रा सिमेंटचा, वरून रंगवलेला.

गोठ्याच्या छपरावरचा लाल मात्र सारखा पसरलेला नाही. तो स्क्रूंच्या आणि जोडांच्या आसपास गडद आहे, मधे अजून राखाडी पट्टे शिल्लक आहेत, आणि एका कोपऱ्यात पत्रा वर मुडपलेला आहे. मुडपतो तो लोखंडाचा. तांबडा रंग गंजाचा. शेडवर दुधी पत्रा आहे, त्यातून तीन आडव्या पाइपांच्या सावल्या दिसतात आणि उताराच्या दिशेने हिरव्या रेघा. पोकळ पॉलिकार्बोनेट, टोकं उघडी राहिलेली.

एका फोटोतून एवढं कळलं तरी एक गोष्ट कळत नाही, आणि फॅब्रिकेटरला नेमकी तीच जास्त महत्त्वाची असते. पडवीवरच्या सिमेंटच्या पत्र्यात एसबेस्टॉस आहे की नाही, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. एसबेस्टॉसचे तंतू घातलेला पत्रा आणि दुसरे तंतू घातलेला पत्रा एकाच लाटेचा, एकाच जाडीचा, एकाच राखाडी रंगाचा असतो. तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय ते सांगता येत नाही. आपल्याकडचे जुने सिमेंट पत्रे मुख्यतः एसबेस्टॉसचेच असल्याने शहाणा फॅब्रिकेटर तो आहे असंच धरून चालतो. फोटो पाहूनच तो मालकाला दोन गोष्टी कळवतो. एक, त्या पडवीवर कुणी चढायचं नाही. ठिसूळ पत्रा पाय पडला की फुटतो, फळी टाकूनच वावरायचं. दुसरं, पत्रे फोडून खाली टाकायचे नाहीत, घासून धुवायचे नाहीत, ग्राइंडर लावायचा नाही. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवायचे. मग तो आणखी दोन फोटो मागतो: एक पडवीच्या आतून, बोल्ट दिसतील असा, आणि एक वळचणीच्या टोकाशी उभं राहून, उन्हं कलल्यावर काढलेला.